मीटर-सेंटीमीटर एकत्र लिहिलेली मापं एकाच दशांश मीटर कॉलममध्ये कशी आणायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गुहागरच्या बाजूला कंपाऊंड, पाखाडी, बांध असल्या कामांची मोजमापं शीटमध्ये चढवतो. साइटवर टेप धरणारे वेगळे, वहीत लिहिणारा वेगळा आणि शीटमध्ये टाकणारा मी, त्यामुळे एकच माप पाच तऱ्हांनी लिहून येतं आणि मग बिलाच्या वेळी तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

12 मी 5 सेमी म्हणजे 12.5 ना?

नाही. 12.05. बाकीचं काहीच वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं वाचा.

एका मीटरमध्ये 100 सेमी, म्हणून 5 सेमी म्हणजे 5 भागिले 100, म्हणजे 0.05 मीटर. 12.5 लिहिलंत की त्याचा अर्थ 12 मीटर 50 सेमी होतो. मधला "मी" काढून तिथे टिंब ठोकलं की झालं असं वाटतं, आणि 40, 65, 85 असे दोन आकडी सेमी असले तर ते बरोबर पण येतं, म्हणूनच ही सवय लागते. 12 मी 40 सेमी म्हणजे 12.40 हे खरंच आहे. 100 च्या आतले सेमी असले तर फसतं ते फक्त 1 ते 9 सेमी असताना.

मग एवढ्याने असा काय फरक पडतो?

एक खरंखुरं वाटेल असं उदाहरण घेऊ. आंब्याच्या बागेला चिऱ्याचं कंपाऊंड, सात तुकड्यांत मोजलेलं, कारण मध्ये फाटक, मध्ये जुना गडगा, एके ठिकाणी विहिरीकडे जायची वाट. वहीत असं आहे:

12 मी 5 सेमी
7 मी 40 सेमी
18 मी
85 सेमी
9 मी 8 सेमी
14 मी 65 सेमी
6 मी 2 सेमी

नीट बदललं तर 12.05, 7.40, 18.00, 0.85, 9.08, 14.65 आणि 6.02, बेरीज 68.05 मीटर. टिंब ठोकून केलं तर 12.5, 9.8 आणि 6.2 हे तीन चुकतात आणि बेरीज येते 69.40. म्हणजे 1 मीटर 35 सेमी कंपाऊंड हवेत बांधलं. भाव समजा 3000 रुपये रनिंग मीटर धरला तर 4050 रुपये जादा, आणि ते मालकाच्या लक्षात आलं की मग पुढची सगळी मापं तो स्वतः टेप घेऊन परत मोजायला लावतो, तेही मे महिन्यातल्या उन्हात.

ही चूक कधी जादा कधी कमी अशी होऊन आपोआप फिटते का?

फिटत नाही. ही चूक नेहमी जादाच्याच बाजूला जाते, कमी कधीच येत नाही. 5 सेमीचे 50 झाले, 8 चे 80 झाले, 2 चे 20. प्रत्येक वेळी जेवढे सेमी होते त्याच्या 9 पट वाढतात. 5 वर 45 वाढले, 8 वर 72, 2 वर 18, एकूण 135.

यातून एक चांगली युक्ती मिळते. तुमची बेरीज आणि समोरच्याची बेरीज जुळत नसेल तर फरक सेमीमध्ये काढा आणि 9 ने भागून बघा. पूर्ण भाग गेला तर आधी याच चुकीचा संशय घ्या. वर 135 भागिले 9 म्हणजे 15, आणि 5 अधिक 8 अधिक 2 पण 15च. योगायोगाने पण भाग जाऊ शकतो, म्हणून हा पुरावा नाही, फक्त कुठे बघायचं ते कळतं. सगळी वही चाळायची गरज नाही, एक आकडी सेमी असलेल्या ओळी तेवढ्या बघायच्या.

आमच्याकडे बरेच जण टेप 5 सेमीपर्यंतच वाचतात, म्हणजे 0, 5, 10, 15 असं. तसं असेल तर धोक्याचा आकडा एकच, 5, आणि प्रत्येक चुकीला बरोबर 45 सेमी वाढतात. फरक 45, 90, 135, 180 असा दिसला की मला लगेच वास येतो.

चूक मुळात होते कुठे, शीटमध्ये की वहीत?

माझ्या मते बहुतेक वेळा तोंडात होते. टेपच्या त्या टोकाला उभा असलेला माणूस ओरडतो "बारा पाच", वारा सुटलेला असतो, इकडचा लिहितो 12.5. ओरडणाऱ्याच्या मनात बारा मीटर पाच सेंटीमीटर होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस "बारा पाच" म्हणतो आणि त्याच्या मनात साडेबारा असतं. वहीत दोन्ही 12.5. आता शीटमध्ये कितीही हुशार फॉर्म्युला लावा, हे वेगळं काढता येत नाही.

म्हणून आम्ही ठरवून टाकलंय की ओरडताना "बारा शून्य पाच" म्हणायचं आणि पन्नास असेल तर "बारा पन्नास", साडेबारा बिलकुल नाही. पहिले दोन दिवस गडी हसले, मग सवय झाली. वहीत पण सेमी कायम दोन आकडीच, 05, 08, 02.

सातबाऱ्यावर तर 0.12.50 असं टिंब देऊनच लिहितात, मग आपण का नाही?

हा प्रश्न मला एका बागायतदार काकांनी विचारला आणि तो चांगला आहे. सातबाऱ्यावरचा 0.12.50 हा आकडा म्हणजे 0 हेक्टर, 12 आर, 50 चौरस मीटर. तिथे टिंबं वेगवेगळे कप्पे पाडतात, आणि ते चालतं कारण 100 आरचा एक हेक्टर, 100 चौरस मीटरचा एक आर, आणि प्रत्येक कप्प्यात दोन आकडे भरलेलेच असतात. 5 आर असतील तर 0.05.00 असं लिहितात, 0.5.0 नाही. आपल्याकडे पण सेमी दोन आकडी लिहिले तर टिंब देऊन काही बिघडत नाही, 12.05 हे दोन्ही अर्थांनी बरोबर. भानगड टिंबाची नाही, गायब झालेल्या शून्याची आहे.

शीटमध्ये "12 मी 5 सेमी" असंच ठेवून बेरीज केली तर?

SUM त्याला मोजतच नाही. ज्या सेलमध्ये अक्षर आहे तो सेल शीटच्या दृष्टीने मजकूर, आकडा नव्हे, आणि SUM मजकूर गुपचूप सोडून देतो, एरर पण दाखवत नाही. सगळा कॉलम तसाच असेल तर बेरीज 0 येते आणि निदान कळतं तरी. पण मध्ये चार ओळी कोणी नुसत्या 7.40 अशा टाकल्या असतील तर तेवढ्यांचीच बेरीज दिसते आणि ती खरी वाटते. ओळखायची सोपी खूण: आकडा आपोआप सेलच्या उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. कॉलम वेडावाकडा दिसला की समजायचं मिसळ झालीय.

सगळ्यात सोपी पद्धत कुठली?

दोन कॉलम. एक मीटरचा, एक सेमीचा, तिसऱ्यात हिशोब. नवीन काम सुरू करताय तर दुसरं काही करूच नका.

```
=B2+C2/100
```

सेमीच्या कॉलमात 5 टाका की 05, काही फरक पडत नाही, भागाकार होतोच. सेमी नसले तर रिकामं सोडा, रिकामा सेल 0 धरला जातो. 3 मी 120 सेमी असं कोणी लिहिलं तरी 4.20 येतं, जे टिंब ठोकून 3.120 झालं असतं. मात्र 100 च्या वरचे सेमी दिसले तर मी एकदा फोन करून विचारतो, कारण गणित बरोबर असलं तरी तो 12 च्या पुढे चुकून पडलेला शून्य पण असू शकतो.

पण माझ्याकडे आधीच 300 ओळी "12 मी 5 सेमी" अशा एकाच कॉलममध्ये आहेत, परत टाइप करू?

नको. गुगल शीटमध्ये असाल तर शेजारच्या कॉलममध्ये हे टाका, मूळ माप A2 मध्ये आहे असं धरून:

```
=ROUND(IFERROR(VALUE(REGEXEXTRACT(A2,"(\d+\.?\d*)\s*म")),0)
+IFERROR(VALUE(REGEXEXTRACT(A2,"(\d+\.?\d*)\s*से")),0)/100,3)
```

दिसायला भयंकर आहे पण काम साधं आहे. पहिला तुकडा असा आकडा शोधतो ज्याच्या लगेच पुढे "म" आहे, तो मीटर. दुसरा तुकडा असा आकडा शोधतो ज्याच्या पुढे "से" आहे, तो सेमी, आणि त्याला 100 ने भागतो. "85 सेमी" मध्ये पण "म" आहे मग तो 85 मीटर धरेल का? नाही, कारण 85 आणि "म" च्या मध्ये "से" येतं. फक्त "म" आणि "से" एवढंच शोधतोय कारण लोक मी, मि, मीटर, सेमी, सें.मी., सेंटी असं काय काय लिहितात, सुरुवात तेवढी सगळ्यांची सारखी. इंग्रजीत m आणि cm लिहिलं असेल तर "म" च्या जागी m आणि "से" च्या जागी c टाका, मोठी M किंवा C असेल तर ती लहान करून घ्या.

आकड्याच्या भागात मी आधी नुसतं `[\d.]+` वापरत होतो, म्हणजे आकडे आणि टिंब काहीही चालेल असं. मग "12मी.5सेमी" अशी मध्ये जागा न सोडता लिहिलेली ओळ आली, त्यातलं "मी." मधलं टिंब 5 ला चिकटलं आणि 5 सेमीचे अर्धा सेमी झाले. कोणालाच कळलं नसतं. आता आकड्याची सुरुवात आकड्यानेच झाली पाहिजे असं लिहिलंय म्हणून ती भानगड मिटली.

एक राहिलंच, मूळ कॉलम पुसू नका. वहीत काय होतं ते शेजारी दिसत राहिलं पाहिजे, नाहीतर भांडण झालं की दाखवणार काय?

फॉर्म्युला लावला आणि सगळीकडे आकडे आले, म्हणजे झालं ना?

नाही ना, हीच तर गोम आहे. IFERROR मुळे जिथे काही सापडत नाही तिथे तो निमूट 0 धरतो. "12 मी 5" असं कोणी लिहिलं, शेवटचा सेमी शब्द खाल्ला, तर उत्तर 12 येतं आणि 5 सेमी हरवतात. नुसतं 12.5 टाकलं असेल तर उत्तर 0. पहिल्यात तर संशय पण येत नाही.

म्हणून अजून एक कॉलम, तपासणीचा:

```
=REGEXMATCH(TRIM(A2),"^(\d+\s*म[^\d०-९]*)?(\d+\.?\d*\s*से[^\d०-९]*)?$")
```

हा बघतो की अख्खी ओळ "एवढे मीटर, एवढे सेमी" याच साच्यात बसते का. बसली तर TRUE, काही शिल्लक राहिलं तर FALSE. "12 मी 5" ला FALSE येतं, नुसत्या 12.5 ला FALSE येतं, आणि "12.5 मी" ला पण मुद्दाम FALSE येईल असंच ठेवलंय, कारण तो साडेबारा मीटर आहे की बारा मीटर पाच सेमी हे लिहिणाऱ्यालाच माहीत. FALSE वर फिल्टर लावा, त्या ओळी वहीशी ताडून बघा, नाही कळलं तर फोन, आणि फोनवर पण नाही कळलं तर परत टेप. अंदाज लावायचा नाही.

एक भोक यात आहे ते सांगून ठेवतो: "5 मिमी" लिहिलं असेल तर "मि" मधला म सापडतो आणि 5 मीटर धरले जातात, तपासणीत पण TRUE येतं. कंपाऊंडच्या कामात मिलिमीटर कोण लिहितंय, पण स्टीलची किंवा खिडक्यांची यादी असेल तर आधी "मिमी" शोधून त्या ओळी बाजूला काढा.

आमच्या वहीत मराठी आकडे आहेत आणि शीटमध्ये पण तसेच टाकलेत, १२ मी ५ सेमी, उत्तर 0 येतंय.

येणारच. गुगल शीटच्या या शोधात `\d` म्हणजे फक्त 0 ते 9, त्याला १ २ ३ हे आकडे वाटतच नाहीत. पूर्ण ओळ मराठी आकड्यांत असेल तर 0 येतो आणि कळतं, पण "१२ मी 5 सेमी" अशी खिचडी असेल तर 12 गायब होऊन 0.05 उरतात. मोबाइलवर कीबोर्ड बदलत टाइप करणाऱ्यांकडून हे फार येतं.

इलाज कंटाळवाणा पण पक्का आहे: Edit मध्ये Find and replace उघडा, ० च्या जागी 0, १ च्या जागी 1, असं दहा वेळा Replace all. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर तपासणीचा कॉलम बघा, उरलेलं तिथे FALSE म्हणून दिसेल. कोणी पायथॉनमध्ये करत असेल तर त्याला हा त्रास नाही, तिथे `\d` ला आणि `float` ला देवनागरी आकडे चालतात.

12-05 असं डॅश देऊन टाकलं तर त्याची तारीख झाली!

हो, शीटची सेटिंग भारताची असेल तर 12 मे झाली. हे शीट आणि एक्सेल दोन्हीकडे होतं. दिसताना तारीख दिसते पण आत एक मोठा आकडा असतो, 12 मे 2025 साठी 45789, आणि तो बेरजेत मीटर म्हणून मिसळला की तुमचं कंपाऊंड गुहागरहून निघून चिपळूणच्या दिशेला लागतं. गंमत म्हणजे 14-65 ची तारीख होत नाही कारण 65 वा महिना नाही आणि 14 वा पण नाही, ते मजकूरच राहतं. म्हणजे एकाच कॉलममध्ये अर्ध्या तारखा आणि अर्धा मजकूर.

तारखेतून दिवस आणि महिना काढून माप परत मिळवता येतं असं लोक सांगतात, पण 12-30 चं शीटने काय केलं असेल याचा भरवसा नाही, त्यापेक्षा वही उघडून तेवढ्या ओळी परत टाका. आणि टाकायच्या आधी तो कॉलम निवडून Format, Number, Plain text करा. आधी करायचं, नंतर केलं तर झालेली तारीख परत माप होत नाही.

माझ्याकडे जुनं एक्सेल आहे, त्यात REGEXEXTRACT चालत नाही.

जुन्यात ते नाहीच. मग Find and Replace आणि Text to Columns ने करा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी "सेमी" च्या जागी काहीच नाही, म्हणजे तो शब्द पुसा, मग "मी" च्या जागी | हे चिन्ह, मग Data मधलं Text to Columns, त्यात Other मध्ये | द्या. मीटर एका कॉलममध्ये, सेमी दुसऱ्यात, आणि वरचं भागिले 100 वालं गणित. उलट क्रमाने केलं, आधी "मी" बदललं, तर "सेमी" मधला मी पण बदलतो आणि सगळा चिवडा होतो.

आणि याच्यात एक खड्डा आहे. ज्या ओळीत नुसते सेमी आहेत, आपल्या यादीतलं "85 सेमी", तिथे मीटरचा शब्दच नाही म्हणून 85 हा पहिल्या म्हणजे मीटरच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. पाऊण-एक मीटरचा तुकडा 85 मीटरचा होतो. म्हणून सुरुवात करायच्या आधी असल्या ओळी शोधून त्यांच्या पुढे हाताने "0 मी" लिहा. हे सगळं मूळ कॉलमच्या कॉपीवर करायचं हे सांगायला नको.

उत्तर 7.4 दिसतंय, 7.40 का नाही?

किंमत एकच आहे, फक्त दिसणं वेगळं. पण 7.4 असं छापून दिलं की वाचणारा परत "सात मीटर चार सेमी" वाचतो आणि आपण इतका वेळ केलेली मेहनत उलट्या बाजूने वाया जाते. कॉलमचा फॉरमॅट 0.00 करा म्हणजे 18 सुद्धा 18.00 दिसेल. आणि कॉलमच्या डोक्यावर "लांबी (मीटर)" लिहा, सेलमध्ये मी वगैरे काही लिहू नका.

अर्धा सेमी मोजला असेल, 5.5 सेमी वगैरे, तर 0.000 करा आणि बेरीज झाल्यावरच दोन आकड्यांवर आणा.

मिस्त्री फूट-इंचात मापं देतो ती याच कॉलममध्ये घालू का?

घाला, पण बदलून. एक फूट म्हणजे 0.3048 मीटर आणि एक इंच 0.0254 मीटर, हे दोन्ही तंतोतंत आकडे आहेत. 10 फूट 6 इंच म्हणजे 3.048 अधिक 0.1524, म्हणजे 3.20 मीटर. इथे तर 10.6 लिहिणं अजूनच घातक, कारण 12 इंचांचा फूट असतो, शंभरचा नाही.

बेरीज बरोबर आली का हे कॅल्क्युलेटरवर पटकन कसं बघू?

मीटर वेगळे मिळवा, सेमी वेगळे मिळवा, टिंब कुठेच वापरू नका. वरच्या यादीत मीटर 12, 7, 18, 0, 9, 14, 6 म्हणजे 66. सेमी 5, 40, 0, 85, 8, 65, 2 म्हणजे 205. 205 सेमी म्हणजे 2 मीटर 5 सेमी, ते 66 मध्ये घातले की 68 मीटर 5 सेमी, आणि शीटमध्ये 68.05 आलेलं आहे. मी बिल पाठवायच्या आधी वहीवरूनच हे करतो, शीटवरून नाही.

मालक म्हणतो 68.05 कशाला, 68.5 लिहा, पाच काय आणि पन्नास काय?

त्याला सांगा मग 45 सेमीचे पैसे पण तुम्हीच द्या. आमच्याकडे एकाने खरंच असं म्हटलं होतं, मी कॅल्क्युलेटर त्याच्याच हातात दिला.